पुन्हा गोठलेला फ्रीज

तीन दिवसांच्या प्रवासानंतर रविवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही घरी परतलो, तेव्हा दिवे लागत होते, पंखा फिरत होता आणि फ्रीज नेहमीसारखा घुमत होता. पाणी प्यायला म्हणून मी त्याचे दार उघडले, तर आत गार होते. दारातल्या छोट्या तापमापकावर ५ अंश दिसत होते. वरच्या बर्फाच्या कप्प्यातले सगळे दगडासारखे घट्ट होते. घरात काही घडले आहे याची एकच खूण होती आणि तीही स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला: ओव्हनच्या घड्याळात १०:२० वाजले होते.

आमच्या ओव्हनचे घड्याळ वीज गेली की बंद पडते आणि वीज आली की शून्यापासून पुढे चालू लागते. म्हणजे वीज सकाळी सात-चाळीसला आली होती. ती गेली कधी, हे घड्याळ सांगू शकत नव्हते, म्हणून शेजारच्या काकांकडे विचारायला गेलो. ते म्हणाले, "अरे, शुक्रवारी रात्री साडेनऊला गेली ती आज सकाळी आली. मधे काल दुपारी पंधरा मिनिटे आली होती, तेवढ्यात मी मोबाइल चार्ज करून घेतला." त्या पंधरा मिनिटांनी फ्रीजला काही फरक पडत नाही. कंप्रेसर सुरू होऊन आतली हवा थोडी गार होते, पण भांड्यांतल्या पदार्थांपर्यंत तो गारवा पोहोचण्याआधीच वीज पुन्हा गेलेली असते. म्हणजे माझ्या हिशेबाने फ्रीज सुमारे ३४ तास बंद होता आणि त्यानंतर १० तास चालू.

दार उघडले नाही, तर फ्रीजचा खालचा भाग साधारण ४ तास पुरेसा गार राहतो. बर्फाचा कप्पा पूर्ण भरलेला असेल तर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास गोठलेला राहतो, कारण गोठलेल्या वस्तू एकमेकींना गार ठेवतात आणि रिकाम्या जागेतली हवा मात्र लवकर तापते. आमचा कप्पा जेमतेम अर्धा भरलेला होता. घर बंद असल्याने दार कोणी उघडले नव्हते, एवढीच काय ती जमेची बाजू. तरीही खालच्या भागाची मुदत शुक्रवारी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात संपली होती आणि वरच्या कप्प्याची शनिवारी रात्री.

माझ्यासमोरची खरी अडचण ही होती की यातले काहीही डोळ्यांना दिसत नव्हते. वीज अजून गेलेलीच असती, तर पाणी गळताना दिसले असते, वस्तू मऊ लागल्या असत्या आणि निर्णय आपोआप झाला असता. इथे सगळे पुन्हा गार आणि पुन्हा घट्ट झाले होते. आई तर म्हणालीसुद्धा, "सगळं गोठलेलंच आहे की! मग टाकायचं कशाला?" तापमापक ५ अंश दाखवत होता हे खरे, पण तो आत्ताचे तापमान सांगतो, काल दुपारी आत किती होते, याची नोंद त्याच्याकडे नसते. तेव्हा आदल्या दोन दिवसांत आत काय झाले असावे, हे वस्तूंच्या आकारावरूनच ओळखायचे होते.

सुरुवात बर्फाच्या ट्रेपासून केली. निघताना त्यात सुटे चौकोनी खडे होते. आता सगळ्या घरांवरून एकच सपाट, काचेसारखा थर पसरला होता आणि ट्रे एका बाजूला किंचित कललेला असल्यामुळे बर्फ त्या बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होता. याचा अर्थ सरळ होता: बर्फाचे पूर्ण पाणी झाले, ते पाणी उताराकडे गेले आणि मग तसेच गोठले. मटारच्या पिशवीतले दाणे आधी मुठीत घेतले की खळखळायचे. आता त्यांची एक वीट झाली होती, आणि पिशवी ज्या जाळीवर ठेवली होती त्या जाळीच्या सळ्यांचे खोल ठसे विटेच्या खालच्या बाजूला उमटले होते. घट्ट गोठलेल्या पिशवीवर असे ठसे उमटत नाहीत. ती मऊ होऊन खाली बसली, तेव्हाच ते उमटले असणार. आइस्क्रीमच्या डब्याचे झाकण उघडल्यावर वर खरखरीत बर्फाचा थर आणि तळाशी पिवळट, चिकट, दाट पाक असे दोन वेगळे थर दिसले. मांसाच्या पाकिटाखाली तर नाण्याएवढ्या जाडीचा तपकिरी-लाल बर्फ साचला होता, आणि त्याचा एक ओघळ कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत येऊन दाराच्या रबराच्या घडीत शिरला होता.

एवढे पाहिल्यावर शंका उरली नाही. काहीच वितळले नसते, किंवा मधल्या वस्तूंमध्ये बर्फाचे कण शिल्लक असतानाच वीज आली असती, तर निर्णय वेगळा झाला असता: ज्यात अजून बर्फाचे कण आहेत किंवा जे ४ अंश किंवा त्याहून थंड आहे, ते पुन्हा गोठवता येते, चव आणि पोत थोडा बिघडतो, धोका नसतो. पण ती तपासणी वीज येण्याच्या क्षणी करायची असते. १० तासांनंतर सापडलेला बर्फ हा नवा बर्फ असतो.

यानंतर मी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, रबरी हातमोजे घातले आणि एकेक वस्तू बाहेर काढून तिचा निर्णय तिथल्या तिथे करत गेलो. बाहेर काढण्यापूर्वी मोबाइलवर प्रत्येक कप्प्याचा फोटो घेतला. तो घेतला म्हणून बरे झाले, कारण अर्ध्या तासाने कोणता डबा वरच्या कप्प्यातला आणि कोणता खालचा, हे मला सांगता आले नसते.

मांस, मासे आणि आइस्क्रीम यांवर वाद झाला नाही. वाद झाला तो शिजवलेल्या भातावर आणि घट्ट झाकणाच्या डब्यातल्या रश्श्यावर. आईने डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "बघ, काही आंबूस येत नाहीये. चांगला खळखळून उकळून घेते."

तिचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. तिच्या आयुष्यात हजार वेळा नाकाने तिला योग्य तेच सांगितले होते. पण अन्नाला वास आणणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. पहिले अन्न नासवतात आणि तसे कळवतात. दुसरे भरपूर वाढले तरी रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. उकळण्याचे म्हणाल, तर उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच अन्नात सोडलेले विष मरत नाही. भातात वाढणारा एक जंतू असा आहे की त्याचे बीजाणू भात शिजवताना टिकून राहतात, भात कोमट राहिला की जागे होतात, आणि त्यांचे उलट्या आणणारे विष उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. माणसाच्या त्वचेवरून अन्नात येणाऱ्या आणखी एका जंतूचे विषही असेच चिवट असते. माशांच्या काही जातींमध्ये उष्णतेत राहिल्याने हिस्टामीन तयार होते आणि तेही शिजवून जात नाही. मी हे सगळे समजावून सांगितले, त्यावर आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बरं, टाक. पण डबा धुवून ठेव, तो चांगला आहे."

खालच्या भागासाठी माझा नियम सोपा होता. लवकर नासणारी वस्तू ४ अंशांच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहिली असेल, तर ती जाईल. ४ अंश ते ६० अंश हा पट्टा जंतूंना सर्वांत मानवतो आणि आमचा फ्रीज त्या पट्ट्यात जवळजवळ ३० तास होता. म्हणून दूध, दही, मऊ चीज, कापलेली फळे, चिरलेल्या पालेभाज्यांचे पाकीट, उरलेल्या भाज्या, उघडलेले मेयोनेज हे एकापाठोपाठ पिशवीत गेले. दुधाच्या डब्याचे झाकण आतल्या वायूने उचलले गेले होते आणि एक पांढरी रेघ कप्प्यावरून मागच्या भिंतीकडे गेली होती. त्या रेघेकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. ती चूक पुढे महागात पडली.

एका छोट्या बाटलीपाशी मी थांबलो. महिन्यापूर्वी मी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ठेवल्या होत्या. ती बाटली दिसायला फ्रीजमधली सर्वांत निरुपद्रवी वस्तू होती: तेल स्वच्छ, पाकळ्या पांढऱ्या, वास छान. तरीही टाकलेल्या वस्तूंमध्ये ती टाकण्याबद्दल मला सर्वांत कमी शंका होती. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो आणि त्याच्या सालीबरोबर मातीतले बीजाणू येऊ शकतात. अशा बिनहवेच्या, आम्ल नसलेल्या जागेत बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्यांना थोपवून धरणारा एकमेव घटक म्हणजे गारवा. तो ३० तास नव्हता. खरे सांगायचे तर वीज गेली नसती तरी ती बाटली मी आठवड्याच्या आत संपवायला किंवा टाकायला हवी होती.

अंड्यांपाशी मात्र मी घुटमळलो. काही देशांत अंडी दुकानात फ्रीजबाहेरच ठेवतात आणि काही देशांत धुवून, थंड करूनच विकतात, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा सल्ला ठिकाणानुसार बदलतो. आमची अंडी आधी फ्रीजमध्ये होती, मग घरातल्या उकाड्यात तापली, मग पुन्हा गार झाली, आणि अशा वेळी कवचावर दव जमून त्यावरची घाण छिद्रांतून आत जाऊ शकते. सहा अंडी वाचवून मला फार काही मिळणार नव्हते. टाकली.

राहिले तेही कमी नव्हते. लोणी, कडक चीजचा अखंड तुकडा, जॅम, लोणचे, टोमॅटोचा सॉस, मोहरीची पेस्ट, न कापलेली गाजरे, कोबीचा गड्डा आणि सफरचंदे या सगळ्यांमध्ये पाणी कमी किंवा आम्ल, मीठ, साखर जास्त, नाहीतर सालीचे संरक्षण शाबूत, असे काही ना काही कारण होते. फक्त लोण्याचा कडेचा पिवळा झालेला थर कापून टाकला आणि मांसाच्या ओघळाखाली आलेली दोन गाजरे टाकली, कारण कच्च्या मांसाचा रस जिथे लागला तिथे वस्तू मुळात कितीही टिकाऊ असली तरी उपयोग नसतो. वरच्या कप्प्यातली पावाची पाकिटे बंद आणि कोरडी होती, ती ठेवली. बोरांसारख्या आंबट फळांची पिशवी वितळून पुन्हा गोठली होती, पण तिला बुरशी किंवा आंबलेला वास नव्हता. ती शिजवून वापरायची ठरवली. मटारची वीट टाकली. भाज्यांना फळांसारखे आम्ल नसते. आईच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटलीही दारात होती. तिच्याबाबत अंदाज न बांधता औषधविक्रेत्याला विचारले आणि त्याने सांगितल्यावर ती बदलली.

टाकायच्या वस्तू दुहेरी पिशव्यांत बांधून त्याच रात्री घराबाहेर नेल्या. द्रव पदार्थ डब्यांतच घट्ट बंद राहू दिले, कारण पिशवी फाटून जिन्यावर दूध सांडले असते तर नवे काम निघाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साफसफाईला लागलो. आधी प्लग काढला. काचेचे कप्पे, दारातले खण आणि भाज्यांचा ट्रे बाहेर काढून तासभर तसेच ठेवले, कारण गार काचेवर एकदम गरम पाणी ओतले तर ती तडकते. मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने सगळे धुतले, आतल्या भिंती वरून खाली पुसल्या. साबणाने घाण निघते, जंतू पूर्ण जात नाहीत. त्यासाठी ४ लिटर पाण्यात पोह्याचा एक मोठा चमचा साधे, वास नसलेले ब्लीच मिसळून त्याचा फडका सगळीकडे फिरवला आणि हवेवर वाळू दिले. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आई व्हिनेगरची बाटली घेऊन मदतीला आली होती, तिला मी ती बाटली बाहेरच ठेवायला लावली.

सर्वांत वेळ दाराच्या रबराने खाल्ला. त्याच्या घड्या बोटाने उघडल्यावर आत मांसाचा ओघळ सुकून तपकिरी दोरीसारखा बसलेला दिसला. कपड्याने तो निघत नव्हता. जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून, दहा मिनिटे भिजू देऊन, मग घासत घडीच्या बाजूने सरकत गेलो. कोपऱ्यांत ब्रशही पोहोचत नव्हता, तिथे कापूस गुंडाळलेली काडी वापरली. शेवटी रबर कोरडे केले, कारण ओले राहिले तर तिथेच बुरशी धरते. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने सगळे पुन्हा एकदा पुसले आणि दार उघडे ठेवून फ्रीज रात्रभर तसाच सोडला.

मंगळवारी सकाळी आत नाक घातले, तर काहीच वास येत नव्हता. मी समाधानाने प्लग लावला. मात्र रिकामा फ्रीज लगेच भरायचा नाही, हे पक्के ठरवले होते. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात तापमापक बुडवून मधल्या कप्प्यावर ठेवला, कारण हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे तसे बदलत नाही. दुसरा वरच्या कप्प्यात ठेवला. खाली ४ किंवा त्याहून कमी आणि वर उणे १८, हे दोन आकडे दिसेपर्यंत थांबायचे होते. खालचा आकडा संध्याकाळपर्यंत ३ वर आला. वरचा यायला बुधवारची सकाळ उजाडली.

आणि बुधवारी सकाळीच तो वास परत आला. हलका, आंबट, बाळाच्या ओकारीसारखा. दार उघडले की आत कमी येत होता आणि फ्रीजच्या बाजूला उभे राहिले की जास्त. आई म्हणाली, "भिंतीत मुरलाय वास, आता जायचा नाही." तसे खरोखर होऊ शकते: मांसाचा रस फटीतून भिंतीतल्या उष्णतारोधक थरात गेला तर तो बाहेर काढायचा उपाय नसतो. पण तसे असते तर वास आतून जास्त आला असता. इथे तो बाहेरून येत होता आणि कंप्रेसर बराच वेळ चालला की वाढत होता.

तेव्हा मला ती पांढरी रेघ आठवली. फोटो काढून पाहिला, तर दुधाची धार मधल्या कप्प्यावरून मागच्या भिंतीला लागून थेट खाली गेलेली दिसली, जिथे भिंतीवर जमणारे पाणी वाहून जाण्यासाठी एक लहान छिद्र असते. ते पाणी नळीने मागच्या बाजूला कंप्रेसरवर बसवलेल्या एका उथळ ट्रेमध्ये जाते आणि कंप्रेसरच्या उष्णतेने हळूहळू उडून जाते. फ्रीज बंद असताना ट्रे गार होता, म्हणून वास दबला होता. कंप्रेसर चोवीस तास चालल्यावर त्याने दूध तापवायला सुरुवात केली होती.

प्लग काढून फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला. ट्रे काळा होता आणि त्यात बोटभर पाण्यावर पिवळट, सुरकुतलेली साय तरंगत होती. आमच्या फ्रीजचा ट्रे निघत नाही, तो कंप्रेसरला घट्ट बसवलेला आहे, म्हणून कंप्रेसर गार होईपर्यंत थांबून स्पंजने ते सगळे टिपून काढले, साबणपाण्याने दोनदा पुसले आणि शेवटी ब्लीचचे पाणी फिरवले. मग आतल्या छिद्रात मऊ प्लास्टिकची काडी हलकेच फिरवून अर्धा पेला कोमट सोड्याचे पाणी थोडे थोडे करून ओतले. पहिले पाणी ट्रेमध्ये गढूळ आणि दह्याच्या कवड्या घेऊन उतरले. चौथ्या वेळी स्वच्छ उतरले.

गुरुवारी वास नव्हता, शुक्रवारीही नव्हता, तेव्हा राखून ठेवलेल्या आणि नव्या आणलेल्या वस्तू आत मांडल्या. वरच्या कप्प्यात मी एक छोटी वाटी पाणी भरून गोठवली आणि बर्फावर एक नाणे ठेवले. पुढच्या वेळी आम्ही बाहेर असताना वीज जाऊन आली, तर नाणे वरच दिसले म्हणजे बर्फ वितळला नाही, तळाशी दिसले म्हणजे पूर्ण वितळून पुन्हा गोठला. मधेच अडकलेले दिसले तर मात्र एकेक पाकीट पाहावे लागेल. खालच्या भागाबद्दल नाणे काहीच सांगत नाही, तिथे ओव्हनचे घड्याळ आणि काकाच. काल आईने बर्फ काढताना वाटी पाहिली आणि विचारले, "हे पैसे कोणी गोठवलेत?"